मारबतीच्या फोटोंच्या नोंदी: क्रॉप केलेलं परत आणता यावं म्हणून

८ सप्टेंबर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती आणि बडगे यांचे मोठे पुतळे मिरवतात. त्या मारबतीच्या मिरवणुकीचे ४१२ फोटो आज संगणकावर उतरवले. सगळे निकॉनच्या रॉ फाइली, म्हणजे .NEF. दिवाळीनंतर मंडळाला शहरातल्या महाल भागात छोटं प्रदर्शन लावायचं आहे आणि त्यासाठी मला २४ फोटो द्यायचे आहेत.

काम सुरू करण्याआधीच एक गोष्ट ठरवून टाकली. यंदा कुठल्याही फोटोचा क्रॉप असा करायचा नाही की उडालेला भाग परत आणता येणार नाही. मागच्या वर्षी मी रॉ उघडून रंग नीट केले, घट्ट क्रॉप मारला, TIFF काढली आणि पुढचं सगळं काम त्या TIFF वर केलं. मग छपाईचा आकार बदलला. चित्राला वर थोडी मोकळी जागा हवी होती आणि ती त्या TIFF मध्ये नव्हती. रॉ फाइल होती, पण चार संध्याकाळी खपून विजेच्या तारा पुसल्या होत्या त्या कापलेल्या TIFF वर. ते काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. ते दिवस अजून आठवतात, म्हणूनच या नोंदी लिहून ठेवते आहे.

सॉफ्टवेअर यंदाही रॉथेरपीच. त्याची प्रत्येक फोटोची सेटिंग्ज एका साध्या मजकुराच्या फाइलीत असतात, कुठल्याही एडिटरमध्ये उघडून वाचता येतात. क्रॉप नेमका कुठे राहतो हे मला डोळ्यांनी बघायचं आहे.

१० सप्टेंबर

पहिला फोटो घेतला DSC_4127. नेहरू पुतळ्यापाशी काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येतात त्या क्षणाचा. गर्दीत दोन्ही हात डोक्याच्या वर करून काढलाय, त्यामुळे चौकट चांगलीच कलली आहे. आधी २.५ अंश फिरवून सरळ केला. मग पिवळ्या मारबतीभोवती ४:५ असा उभा क्रॉप घेतला. डावीकडचा मोठा भाग गर्दीचा होता, तो सोडला.

फोटो बंद करून फोल्डरमध्ये पाहिलं. NEF च्या शेजारी DSC_4127.NEF.pp3 तयार झालेली. तिच्यातला क्रॉपचा भाग असा काढून पाहिला:

```
grep -A5 '^\[Crop\]' DSC_4127.NEF.pp3
[Crop]
Enabled=true
X=2180
Y=120
W=3008
H=3760
```

एवढंच. क्रॉप म्हणजे या पाच ओळी. डावीकडून २१८० पिक्सेल सोडा, वरून १२० सोडा, तिथून ३००८ रुंद आणि ३७६० उंच चौकोन दाखवा. माझ्या कॅमेऱ्याची अख्खी चौकट ६०१६ × ४०१६ आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त चित्र या चौकोनाच्या बाहेर पडलं. पण NEF ला सॉफ्टवेअरने हातही लावलेला नाही. तिची तारीख आणि आकार कार्डावरच्या फाइलीसारखेच आहेत, ते तपासलं.

मग क्रॉपच्या नावाशेजारचं बटण बंद केलं. पूर्ण चौकट परत आली. फोटो बंद करून पुन्हा pp3 पाहिली तर Enabled=false झालं होतं, पण X, Y, W, H चे आकडे तसेच होते. हे मला फार आवडलं. क्रॉप बंद केल्याने चौकोन विसरला जात नाही. पुन्हा चालू केला की नेमका त्याच जागी येतो, नव्याने ओढत बसावं लागत नाही.

१४ सप्टेंबर

दुपारी पाऊस आला आणि वीज गेली. तासभर एकाच फोटोवर काम चाललं होतं, ते सगळं गेलं. रॉथेरपी pp3 लिहिते ती फोटो बंद करताना किंवा दुसरा उघडताना. मधल्या वेळात सगळं मेमरीत असतं. आता दर दहा मिनिटांनी शेजारच्या फोटोवर जाऊन परत येते.

याच निमित्ताने दुसरी गोष्ट पक्की कळली. डावीकडची हिस्टरीची यादी आणि तिथे घेतलेले स्नॅपशॉट हे फोटो उघडा असेपर्यंतच टिकतात. मी उभ्या क्रॉपचा एक आणि आडव्या क्रॉपचा एक असे स्नॅपशॉट घेऊन निश्चिंत होते. फोटो पुन्हा उघडल्यावर यादी कोरी होती. फाइलीत शेवटची एकच स्थिती उरते. मूळ चित्र कधीच जात नाही, पण आधीचा चौकोन कुठे होता हे मात्र जाऊ शकतं. दोन क्रॉप जपायचे असतील तर दोन फाइलीच हव्यात.

२१ सप्टेंबर

मंडळातले दोन ज्येष्ठ घरी आले होते. लॅपटॉपवर फोटो दाखवत होते. DSC_4127 चा उभा क्रॉप त्यांना आवडला. पुढचा फोटो उघडायच्या आधी मी सहज क्रॉप बंद करून अख्खी चौकट दाखवली, तर त्यातले एक काका एकदम पुढे झुकले.

"ताई, थांबा जरा. हे डावीकडं बडग्याची काठी धरून उभे हायेत ना, हे आमचे थोरले भाऊ. मारबतीचा बांबूचा सांगाडा दरवर्षी हेच बांधतात. यायले कायले कापलं?"

मी ओळखलंच नव्हतं. माझ्या लेखी तो गर्दीचा भाग होता. काकांनी मग नीट बघितलं आणि म्हणाले, "पण हात अर्धाच दिसून राहिला. काठी धरलेला हातच दिसत नाही."

खरंच दिसत नव्हता. डाव्या कडेला मनगटाच्या आसपास चित्र संपत होतं. मी त्यांना सांगितलं की कॅमेऱ्यात आलं तेवढंच असेल. ते गेल्यावर मात्र राहवेना. फोटो काढल्या दिवशी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर मी हा फोटो मोठा करून पाहिला होता आणि त्यात काठीवरची मूठ पाहिल्याचं मला आठवत होतं.

२२ सप्टेंबर

सकाळी पहिलं काम म्हणजे कार्ड कॅमेऱ्यात घालून फोटो पडद्यावर पाहिला. मूठ आहे. पूर्ण आहे. बोटं मोजता येतात.

म्हणजे क्रॉप बंद असूनही संगणकावर चित्र कापलेलं दिसतंय. चौकोन बंद, मग कापतंय कोण? अर्धा दिवस यात गेला, आणि आजची नोंद म्हणूनच लांबते आहे.

एकेक सुधारणा बंद करत गेले. रंग, नॉइज, लेन्स. काही फरक नाही. फिरवणं शून्यावर आणलं आणि मूठ दिसली. २.५ अंश परत दिले, मूठ गेली. कारण सापडलं ते ऑटो-फिलमध्ये. लेन्स आणि भूमितीच्या विभागात हा एक चौकोनी टिक असतो आणि माझ्याकडे तो चालूच होता.

झालं असं. आयताकृती चित्र फिरवलं की चारही कोपऱ्यांत काळ्या पाचरी उरतात, कारण तिथे दाखवायला पिक्सेलच नसतात. ऑटो-फिल त्या पाचरी लपवतं. कसं लपवतं? चित्र मध्यापासून एवढं मोठं करतं की पाचरी चौकटीबाहेर जाव्यात. २.५ अंशांना आणि माझ्या चौकटीच्या प्रमाणाला हे मोठं करणं १.०६४४ पट होतं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ६०१६ ला १.०६४४ ने भागलं तर ५६५२ येतात, म्हणजे मूळ चित्राचे डावीकडचे सुमारे १८२ आणि उजवीकडचे १८२ पिक्सेल चौकटीबाहेर ढकलले जातात. मोठं केलेलं चित्र पुन्हा ६०१६ रुंदच दिसतं, म्हणून आकड्यांवरून काही कळत नाही. काकांच्या भावाची मूठ नेमकी त्या १८२ मध्ये होती.

म्हणजे हा दुसरा, न दिसणारा क्रॉप होता. [Crop] खाली तो कधीच सापडला नसता. pp3 मध्ये तो या दोन ठिकाणी आहे:

```
[Common Properties for Transformations]
AutoFill=true

[Rotation]
Degree=2.5
```

ऑटो-फिल बंद केलं. कोपऱ्यांत पाचरी आल्या आणि मूठही आली. पाचर कोपऱ्यातच सर्वांत रुंद असते, कडेच्या मध्यावर ती जवळजवळ शून्य होते. काकांचे भाऊ डाव्या कडेला साधारण मध्यावरच उभे आहेत, हे नशीब.

आता काळं न येता जास्तीत जास्त रुंद चौकोन कसा बसवायचा? ऑटो-फिल मूळचंच ३:२ प्रमाण राखतं, त्यामुळे उंचीची अडचण रुंदीलाही भोगावी लागते. मी प्रमाणाचं कुलूप काढलं, उंची थोडी सोडली आणि रुंदी वाढवली. जमलेला चौकोन असा:

```
Enabled=true
X=80
Y=183
W=5840
H=3650
```

हे प्रमाण ८:५ होतं. चारही कोपरे २०० टक्क्यांवर पाहिले, काळा एकही पिक्सेल नाही. ऑटो-फिलच्या मानाने डावीकडे सुमारे १०० पिक्सेल मिळाले आणि त्यात मूठ, काठीचा वरचा भाग, कडेची थोडी हवा, सगळं बसलं. वरची आणि खालची थोडी पट्टी गेली, पण खाली रस्ता होता आणि वर नुसत्या तारा.

काकांना फोन करून सांगितलं की हात सापडला.

२३ सप्टेंबर

आता दोन आवृत्त्या झाल्या, उभी आणि आडवी. दोन्ही जपायच्या. भाचा सुट्टीला आलाय, त्याला या कामात रस आहे. तो म्हणाला, "मावशी, फक्त क्रॉपचंच प्रोफाइल सेव्ह कर ना. बाकी रंग वगैरे तर दोन्हीत सारखेच आहेत."

कल्पना बरी वाटली. कंट्रोल दाबून सेव्ह केलं की हवे तेवढेच घटक निवडून प्रोफाइल लिहिता येतं. उभ्या क्रॉपच्या pp3 ची कालच्या आधी वेगळी काढून ठेवलेली प्रत होती, तिच्यातून तसं क्रॉपपुरतं प्रोफाइल काढलं आणि आजच्या फोटोवर लावलं.

क्रॉप लागला, आकडेही तेच, २१८०, १२०, ३००८, ३७६०. पण चित्र तेच नव्हतं. मारबतीभोवतीची चौकट सैल झाली होती आणि मी मुद्दाम बाहेर ठेवलेल्या विजेच्या तारा वरून आत आल्या होत्या.

भाच्याला वाटलं फाइल बिघडली. कागदावर मांडून दाखवलं तेव्हा त्यालाही पटलं. जुन्या क्रॉपची वरची कड मध्यापासून १८८८ पिक्सेल वर होती, पण तेव्हा खालचं चित्र १.०६४४ पट मोठं केलेलं होतं. ऑटो-फिल बंद केल्यावर चित्रातली तीच जागा मध्यापासून १७७४ वर आली. चौकोन मात्र जागचा हलला नाही. म्हणून वर ११४ पिक्सेलचा पट्टा जास्तीचा आला, आणि तारा त्या पट्ट्यातल्या.

म्हणजे चार आकडे एकटे काहीच सांगत नाहीत. खालचं चित्र किती फिरवलंय, किती ताणलंय, लेन्सची सुधारणा चालू आहे की नाही, हे सोबत असेल तरच ते आकडे तीच जागा दाखवतात. फिरवणं नंतर अर्ध्या अंशाने जरी बदललं तरी चौकोन तिथेच राहतो आणि त्याच्या खालून चित्र सरकतं. म्हणून क्रम असा ठेवते: आधी लेन्स, मग फिरवणं, मग ऑटो-फिलचा निर्णय, आणि सगळ्यात शेवटी क्रॉप.

जपायची असेल तर पूर्ण pp3 जपायची, तुकडा नाही:

```
cp DSC_4127.NEF.pp3 DSC_4127_aadva.pp3
```

उभ्यासाठी ती वेगळी ठेवलेली जुनी pp3 तशीच DSC_4127_ubha.pp3 म्हणून ठेवली. कुठलीही आवृत्ती हवी असेल तेव्हा:

```
rawtherapee-cli -o aadva.tif -p DSC_4127_aadva.pp3 -t -b16 -Y -c DSC_4127.NEF
```

दोन्ही काढून पाहिल्या. दोन्ही बरोबर.

२९ सप्टेंबर

तारा पुसायचं काम. मागच्या वर्षी जिथे अडकले तीच जागा.

यंदा TIFF काढताना क्रॉप बंद ठेवला आणि ऑटो-फिलही बंद ठेवलं. त्यामुळे TIFF पूर्ण ६०१६ × ४०१६ ची निघाली, कोपऱ्यांतल्या काळ्या पाचरींसकट. गिंपमध्ये उघडून तारा पुसल्या, त्याही पूर्ण चौकटीतल्या. सध्याच्या आडव्या क्रॉपमध्ये न येणाऱ्या वरच्या पट्टीतल्यासुद्धा. काम साधारण दीडपट झालं. पण उद्या कुणी वरची पट्टी मागितली तर ती साफ असेल.

मग क्रॉप कुठे करायचा? त्याच TIFF वर, पण पुन्हा रॉथेरपीत. ती TIFF सुद्धा उघडते आणि तिच्याही शेजारी .tif.pp3 लिहिते. म्हणजे पुसलेल्या चित्रावरचा क्रॉपही पाच ओळींचाच राहतो, TIFF चे पिक्सेल शाबूत राहतात. फिरवणं या TIFF मध्ये आधीच उतरलेलं आहे, म्हणून इथे ते शून्य. आडव्या क्रॉपचे आकडे जसेच्या तसे चालले, कारण मोजमाप आणि ताण तेच आहेत.

उभ्याचे चालले नाहीत. ते ताणलेल्या चित्रावरचे होते. प्रत्येक अंतर मध्यापासून मोजून १.०६४४ ने भागलं आणि ४:५ नेमकं राहावं म्हणून दोन-तीन पिक्सेल सोडले, तेव्हा X=2230, Y=234, W=2824, H=3530 आले. लावून जुन्या उभ्या चित्राशेजारी ठेवले, चौकट जुळली.

यातून आणखी एक गोष्ट समोर आली जी मला आधी कळायला हवी होती. उभ्या चित्राची रुंदी मी ३००८ पिक्सेल समजत होते. प्रत्यक्षात कॅमेऱ्याचे त्यात २८२४ च्या आसपासच होते, बाकीचे ताणून भरलेले. १६ × २० इंच छापायचं तर इंचाला १८८ नाही, १७६ पिक्सेल मिळतात. त्या आकाराला हे मला कमी वाटतं. उभं चित्र ११ × १४ च्या चौकटीत, पांढरा माउंट लावून द्यायचं ठरवलं.

४ ऑक्टोबर

आज मुद्दाम मोडतोड करून पाहिली. फोल्डरची एक प्रत घेतली आणि भाच्याला सांगितलं की लोक जसं करतात तसं कर.

त्याने फाइल मॅनेजरमधून DSC_4127.NEF चं नाव pivli_marbat.NEF केलं. रॉथेरपीत उघडली तर फोटो कोरा. क्रॉप नाही, रंग नाहीत, फिरवलेलं नाही. pp3 जुन्या नावाची राहिली आणि रॉथेरपी नावावरूनच जोडी शोधते. pp3 लाही pivli_marbat.NEF.pp3 असं नाव दिलं, सगळं परत आलं. यात घाबरण्यासारखं एवढंच की कोरा फोटो उघडून, चुकून दोन गोष्टी हलवून बंद केला की नव्या नावाची नवी pp3 तयार होते, आणि मग खरी कुठली ते कळत नाही.

दुसरं, बॅकअप. माझी जुनी बॅकअपची आज्ञा फक्त *.NEF उचलत होती. इतकी वर्षं! म्हणजे पिक्सेल सुरक्षित होते, पण चौकोन कुठे घेतला होता हे बॅकअपमध्ये कधीच नव्हतं. आता फोल्डर अख्खंच जातं, आणि नंतर बॅकअपच्या फोल्डरमध्ये ही तपासणी चालवते:

```
for f in *.NEF; do [ -f "$f.pp3" ] || echo "$f"; done
```

ज्या NEF ला जोडीची pp3 नाही तिचं नाव छापलं जातं. निवडलेल्या २४ पैकी दोन नावं आली. मूळ फोल्डरमधून त्यांच्या pp3 आणल्या.

९ ऑक्टोबर

काळ्या मारबतीच्या चेहऱ्याचा एक फोटो, DSC_4260. काकांनी विचारलं की याचाही डावीकडचा भाग "काढून दाखवा". क्रॉप नाही, फिरवणं नाही, ऑटो-फिलचा संबंध नाही. तरी चौकट फक्त ३९३६ × २६२४.

मी तो फोटो कॅमेऱ्याच्या डीएक्स पद्धतीत काढला होता, चेहरा जवळ यावा म्हणून. त्या पद्धतीत कॅमेरा सेन्सरचा मधला भागच फाइलीत लिहितो, भोवतालचा लिहीतच नाही. हा क्रॉप रॉ फाइल तयार होण्याआधीच झालेला असतो. कुठलंही सॉफ्टवेअर तो उलटवू शकत नाही. काकांना तसं स्पष्ट सांगितलं. वाईट वाटलं, कारण मी पूर्ण चौकटीत काढून घरी हाच क्रॉप घेतला असता तर पिक्सेल तितकेच मिळाले असते आणि भोवतालचंही हाती राहिलं असतं. कॅमेऱ्यातली ती सेटिंग आजच बंद केली.

१२ ऑक्टोबर

मंडळाला फोटोंच्या मूळ फाइली त्यांच्या संग्रहासाठी हव्या आहेत. देणार आहे, पण सगळ्या नाही.

DSC_4311 मध्ये उजवीकडे एक बाई लहान मुलाला खांद्यावर घेऊन उभी आहे. तिने त्याच दिवशी मला सांगितलं होतं की मुलाचा फोटो कुठे लावू नका. मी क्रॉप करून त्या दोघांना बाहेर ठेवलं. पण NEF दिली तर ते दोघेही सोबत जातात. pp3 दिली नाही तर क्रॉपच नसतो, आणि दिली तरी एक बटण बंद केलं की ते दिसतात. शिवाय NEF च्या आत कॅमेऱ्याने बनवलेला एक JPEG असतो, तो पूर्ण चौकटीचा असतो आणि साध्या फोटो दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्येही उघडतो.

या एका फोटोपुरता मला परत न येणारा क्रॉपच हवा आहे. त्याची क्रॉपसह काढलेली TIFF देणार, NEF माझ्याकडेच राहील. फोल्डरमधल्या यादीत तशी नोंद केली.

१८ ऑक्टोबर

इतवारीत फ्रेमवाल्या काकांकडे प्रिंट घेऊन गेले. आडवं चित्र २० × १२.५ इंच छापलं आहे, इंचाला २९२ पिक्सेल. काठीवरची मूठ डाव्या कडेपासून पाव इंचाहून किंचितच जास्त आत आहे.

काकांनी माउंट चित्रावर ठेवून पाहिला. "ताई, माउंट चारी बाजूनं पाव इंच आत घेतो. नाही तर कड दिसते."

पाव इंच म्हणजे ७३ पिक्सेल. डावीकडे मुठीपर्यंत तेवढी जागा उरते का ते मोजलं. उरते, पण मूठ माउंटच्या कडेला चिकटून येते. डावीकडे आणखी सरकायला जागा नाही, कारण X=80 च्या पलीकडे कोपऱ्यात काळं येतं. मग काकांना विचारलं की प्रिंट कागदावर थोडा मोठा पांढरा किनारा सोडून काढला आणि माउंटने तो किनारा झाकला, चित्र झाकलंच नाही, तर चालेल का.

"चालते ना. भोवताल अर्धा इंच पांढरं सोडा, बाकी मी बघतो."

घरी येऊन त्याच TIFF वरून, त्याच क्रॉपने, अर्धा इंच किनारा सोडून नवी फाइल छपाईला पाठवली. मंडळातल्या काकांच्या थोरल्या भावांसाठी त्याचीच एक जास्तीची प्रत सांगितली आहे.